जाती किती, की वेगळ्या किती? कुरणातल्या वनस्पतींच्या गुणांवरून कार्यात्मक विविधता मोजण्याची पद्धत

शेजारी शेजारी दोन चौकटी घ्या, प्रत्येक एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. पहिलीत पवना, कुसळी आणि मारवेल ही तीन गवतं आहेत. दुसरीत पवना आहे आणि त्याच्याबरोबर उन्हाळी, म्हणजे जिला शरपुंखाही म्हणतात ती. जाती मोजल्या तर पहिली चौकट तीन-दोनने पुढे. पण पहिलीतली तिन्ही गवतं साधारण एकाच उंचीची, एकाच हंगामात वाढणारी, मातीतला नत्र एकाच पद्धतीने घेणारी. दुसरीतल्या दोघींपैकी एक गवत आहे, तर दुसरी खोल मुळाची शेंगवर्गीय वनस्पती, स्वतःच्या मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नत्र बांधणारी. त्या जमिनीतून किती चारा निघेल, माती किती सुधारेल, हे विचारायचं असेल तर तीन हा आकडा दोनपेक्षा जास्त काही सांगतो का?

कार्यात्मक विविधता हे माप या प्रश्नासाठी आहे. जाती मोजताना प्रत्येक जात एकदाच धरली जाते, मग ती इतरांसारखीच असो की अगदी निराळी, आणि चौकटीत तिची एकच काडी असो की निम्मी जागा तिने व्यापलेली असो. कार्यात्मक विविधतेत या दोन्ही गोष्टी हिशेबात येतात: जाती एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत आणि कोणाचा वाटा किती आहे.

याचा सगळ्यात चांगला पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक इथल्या गवताळ प्रयोगांतून आला. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी २८९ वाफ्यांमध्ये जातींची संख्या आणि त्यांचे कार्यगट दोन्ही बदलून पेरणी केली. शेंगवर्गीय, उष्ण हंगामातली गवतं, थंड हंगामातली गवतं, असे ते गट. १९९७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की उत्पादन, वनस्पतींमधला नत्र आणि जमिनीपर्यंत पोचणारा प्रकाश यांतला फरक जातींच्या संख्येपेक्षा कोणते आणि किती कार्यगट आहेत यावरून जास्त उलगडतो. मात्र गट पाडणं ढोबळ असतं. गट सोडून प्रत्यक्ष मोजलेले गुण घेतले तर हिशेब बारीक होतो. तो कसा करायचा ते दख्खनच्या कुरणाचं उदाहरण घेऊन पाहू. द्वीपकल्पातला बराचसा गवताळ भाग पवना-मारवेल प्रकारात मोडतो, आणि या जाती आपल्याकडच्या बहुतेक गवताळ माळांवर भेटतात.

आधी कार्य ठरवा, मग गुण

सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. अभ्यासक आधी हाताशी असलेले गुण गोळा करतात आणि शेवटी विचारतात, यावरून काय सांगता येईल? क्रम उलटा हवा. आपलं कार्य समजा असं आहे: चराई बंद ठेवलेल्या कुरणात पावसाळ्याअखेर प्रति चौरस मीटर किती ग्रॅम सुका चारा मिळतो. आता या उत्पादनावर कशाचा परिणाम होईल? पान किती स्वस्तात बनतं, झाड प्रकाशासाठी किती उंच जातं, आणि नत्र कुठून येतो. म्हणून तीन गुण घेऊ: विशिष्ट पर्णक्षेत्र म्हणजे एसएलए, झाडाची उंची, आणि मुळांवर नत्रगाठी आहेत की नाही. मातीची धूप किंवा पाणी मुरणं हे कार्य असतं, तर मुळांची खोली आणि घनता घ्यावी लागली असती आणि एसएलएचा उपयोग जेमतेमच झाला असता.

इथे एक धोका आहे. उंच गवताचं वजन जास्त असणार, हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. उंचीवरून चाऱ्याचं वजन ओळखलं तर आपण जवळजवळ एकाच गोष्टीला दोनदा मोजलं. म्हणून शेवटच्या विश्लेषणात उंची काढूनही एकदा हिशेब करून पाहावा. निकाल फक्त उंचीवरच उभा असेल, तर तो फारसा निकाल नव्हे.

एसएलए मोजणं

एसएलए म्हणजे ताज्या पानाचं क्षेत्रफळ भागिले त्याच पानाचं कोरडं वजन. जास्त एसएलए म्हणजे पातळ, लवकर बनणारं, लवकर संपणारं पान. कमी एसएलए म्हणजे जाड, चिवट, टिकाऊ पान. आठ-दहा वनस्पती घ्या, एकमेकींपासून थोड्या अंतरावरच्या. प्रत्येकीवरून पूर्ण वाढलेली, उन्हात असलेली, किडीने न खाल्लेली दोन पानं घ्या. गवताचं फक्त पातं घ्यायचं, खोडाला वेढणारं आवरण नाही. उन्हाळीसारख्या झाडाचं देठासह पूर्ण संयुक्त पान घ्यायचं. ही पद्धत सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा, कारण नंतर कोणी आवरणासकट मोजलेले आकडे मिसळले तर तफावत कुठून आली ते कळत नाही.

कुसळीचं पातं तोडल्यावर काही मिनिटांत आतल्या बाजूला गुंडाळलं जातं. गुंडाळलेलं पातं स्कॅनरवर अर्ध्या रुंदीचं दिसतं, आणि एसएलए खोटाच कमी येतो. म्हणून पानं तोडल्याबरोबर ओल्या टिश्यू कागदात गुंडाळून बंद पिशवीत, आणि पिशवी बर्फाच्या डब्यात. घरी किंवा प्रयोगशाळेत देठाकडचं टोक पाण्यात बुडवून रात्रभर अंधारात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवली की ती पुन्हा ताठ होतात. मग पाणी टिपून ताजं वजन, सपाट करून ३०० डीपीआयवर स्कॅन, `ImageJ` मध्ये क्षेत्रफळ. त्यानंतर ७० अंश सेल्सियसवर ७२ तास ओव्हनमध्ये, आणि सुकं वजन.

समजा कुसळीच्या एका पात्याचं क्षेत्रफळ ४२० चौरस मिलिमीटर आणि सुकं वजन २८ मिलिग्रॅम आलं. एसएलए ४२० ÷ २८ = १५ चौ. मिमी प्रति मिलिग्रॅम, आणि हाच आकडा चौरस मीटर प्रति किलोग्रॅममध्येही १५ राहतो, त्यामुळे एककाची भानगड नाही. ताजं वजन ८० मिलिग्रॅम असेल तर २८ ÷ ०.०८० = ३५० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, हे पानातल्या कोरड्या पदार्थाचं प्रमाण. हा दुसरा गुण फुकटात मिळतो. जाड पानांत क्षेत्रफळापेक्षा तो जास्त विश्वासार्ह असतो, कारण त्याला स्कॅनर लागत नाही.

काटा एक मिलिग्रॅमचाच असेल तर २८ मिलिग्रॅमच्या पात्याला साडेतीन टक्क्यांची चूक, ती चालते. पण तीन मिलिग्रॅमच्या पानाला तीच चूक एक तृतीयांश होते. अशा वेळी एका झाडाची दहा पानं एकत्र मोजावीत. आणि पावसाळ्याच्या हवेत ओव्हनमधून काढलेलं पान थोड्याच वेळात पुन्हा दमट होतं, म्हणून ते ओव्हनमधून थेट डेसिकेटरमध्ये थंड करायचं आणि तिथून एकेक काढून लगेच मोजायचं. एका जातीतलं शेवटचं पान पहिल्यापेक्षा सातत्याने जड येत असेल, तर पानांनी मोजताना ओल धरली असं समजा.

उंची आणि नत्रगाठी

उंची जमिनीपासून पानांच्या वरच्या सीमेपर्यंत मोजतात, फुलोरा धरत नाहीत. गवताचा तुरा पानांच्या बराच वर जातो, आणि तो धरला तर भाद्रपदात मोजलेली कुसळी श्रावणात मोजलेल्या कुसळीपेक्षा वेगळी जात वाटेल. पात्यांना ओढून ताणायचं नाही, जशी आहेत तशी मोजायची.

नत्रगाठी मात्र पुस्तकातून भरू नयेत. झाड ओल्या मातीतून हळूच उपटून मुळं धुवा, एक गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती काम करते आहे. पांढरी, हिरवट किंवा पोकळ असेल तर नाही. उन्हाळीच्या मुळावर गाठी सापडतात. टाकळा मात्र शेंगवर्गीय कुळातला असूनही गाठी धरत नाही. ज्यांनी कुळावरून गट पाडले त्यांनी टाकळ्याला नत्र बांधणाऱ्यांत बसवलं असतं, आणि रस्त्याकडेचा टाकळ्याचा गच्च पट्टा त्यांच्या हिशेबात सुपीकतेचा कारखाना ठरला असता.

कोणाचा वाटा किती

चौकटीतलं सगळं जमिनीलगत कापून जातवार वेगळं करा, सुकवून वजन करा. रोपं मोजू नका. गुच्छाने वाढणाऱ्या गवतात एक रोप कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे ठरत नाही. ज्या जाती मिळून एकूण वजनाच्या ८० टक्के होतात, त्यांचे गुण तरी मोजलेच पाहिजेत. उरलेल्या विरळ जातींचे गुण `TRY` या जागतिक कोशातून घेता येतात, पण ते दुसऱ्या हवामानातल्या झाडांचे असू शकतात. म्हणून प्रमुख जातींसाठी ते वापरणं मला पटत नाही.

चौकट कापण्याआधी मातीची खोलीही मोजा: लोखंडी सळी पाच ठिकाणी ठोकायची आणि सरासरी घ्यायची. मुरमाड उथळ मातीवर जातीही कमी आणि चाराही कमी. खोली नोंदवली नाही, तर मातीचं श्रेय जातींना किंवा गुणांना जातं.

हाताने एक हिशेब

आता सुरुवातीच्या दोन चौकटी घेऊ. खालचे आकडे हिशेब दिसावा म्हणून सोपे करून घेतले आहेत, प्रत्यक्ष मोजमाप म्हणून वापरू नयेत. पवना: उंची ८० सेंमी, एसएलए १४. कुसळी: ७० आणि १६. मारवेल: ६० आणि १८. या तिघांना नत्रगाठी नाहीत. उन्हाळी: ५० आणि २०, गाठी आहेत. कुरणात टाकळाही आहे: ९० आणि २४, गाठी नाहीत. म्हणजे संपूर्ण कुरणात उंचीचा पल्ला ४० आणि एसएलएचा पल्ला १०.

दोन जातींमधलं अंतर काढायची सोपी पद्धत अशी. प्रत्येक गुणातला फरक त्या गुणाच्या पल्ल्याने भागायचा आणि तिन्हींची सरासरी घ्यायची. पवना आणि कुसळी: उंचीत ०.२५, एसएलएत ०.२०, गाठीत ०, सरासरी ०.१५. कुसळी आणि मारवेल यांच्यातही ०.१५. पवना आणि मारवेल: ०.५०, ०.४०, ०, सरासरी ०.३०. पवना आणि उन्हाळी: ०.७५, ०.६०, १, सरासरी ०.७८.

पहिल्या चौकटीत पवन्याचा वाटा ०.४, कुसळीचा ०.४, मारवेलचा ०.२. आता चौकटीतून आंधळेपणाने दोनदा चिमूटभर वनस्पती उचलल्या तर त्या दोघींत सरासरी किती अंतर असेल? प्रत्येक जोडीचे वाटे गुणायचे, अंतराने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून दुप्पट करायची:

२ × (०.१६ × ०.१५ + ०.०८ × ०.१५ + ०.०८ × ०.३०) = ०.१२

दुसऱ्या चौकटीत पवना ०.७ आणि उन्हाळी ०.३ असेल तर २ × ०.२१ × ०.७८ = ०.३३. जाती दोनच, पण विविधता जवळजवळ पावणेतीन पट. आणि त्याच दोन जाती असताना उन्हाळीचा वाटा फक्त दोन टक्के झाला तर २ × ०.९८ × ०.०२ × ०.७८ = ०.०३. जातींची यादी तीच, आकडा मात्र एक दशांशावर आला. हे माप भारतीय सांख्यिकी संस्थेत अनेक वर्षं काम केलेल्या सी. आर. राव यांनी १९८२ मध्ये मांडलं, आणि परिसंस्थाशास्त्रात ते रावांचा क्यू म्हणूनच चालतं.

आता याच चौकटींचा वाट्याने भारित सरासरी एसएलए काढू. पहिलीत ०.४ × १४ + ०.४ × १६ + ०.२ × १८ = १५.६. दुसरीत ०.७ × १४ + ०.३ × २० = १५.८. जवळजवळ सारखाच. म्हणजे सरासरी आणि विविधता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दोन्ही मोजायलाच हव्यात. जे. फिलिप ग्राइम यांनी १९९८ मध्ये म्हटलं होतं की परिसंस्था मुख्यतः तिथल्या वरचढ जातींच्या गुणांवर चालते. तसं असेल तर भारित सरासरीच पुरेशी ठरावी. जाती एकमेकींना पूरक ठरतात म्हणून उत्पादन वाढत असेल, तर क्यूचा संबंध दिसावा. माझ्या मते पुष्कळ कामांत सरासरीचाच परिणाम विविधतेच्या नावावर खपवला जातो, कारण लेखकांनी सरासरी काढलेलीच नसते.

वरच्या ०.७८ मध्ये एकट्या गाठीचा हिस्सा ०.३३ आहे. आहे-नाही स्वरूपाच्या गुणात फरक पडला की पूर्ण एकचाच पडतो, त्यामुळे असा गुण इतरांवर कुरघोडी करतो. गाठीचं वजन अर्धं करून पुन्हा हिशेब करा. निकाल उलटत असेल तर तो वजनाच्या निवडीवर टेकलेला आहे, आणि ते लिहिलं पाहिजे.

संगणकावर

हाच हिशेब R या संगणकभाषेत `FD` पॅकेजने करता येतो. `gun.csv` मध्ये ओळी जातींच्या आणि रकाने `unchi`, `sla`, `gath` हे. `bhag.csv` मध्ये ओळी चौकटींच्या, रकाने जातींच्या, आत सुकं वजन. जातींना `SEHNER`, `HETCON` असे सहा अक्षरी संकेत द्या, म्हणजे मोकळ्या जागांमुळे नावं बिघडत नाहीत.

```r
library(FD)
gun  <- read.csv("gun.csv", row.names = 1)
bhag <- as.matrix(read.csv("bhag.csv", row.names = 1))
gun  <- gun[colnames(bhag), ]
p    <- bhag / rowSums(bhag)
d    <- gowdis(gun)
cwm  <- functcomp(gun, p, bin.num = "gath")
fdis <- fdisp(d, p)$FDis
rao  <- diag(p %*% as.matrix(d) %*% t(p))
```

चौथी ओळ गाळू नका. दोन तक्त्यांत जातींचा क्रम वेगळा असेल तर पवन्याला उन्हाळीचा एसएलए मिळू शकतो. कुठे प्रोग्राम थांबतो, कुठे निमूटपणे उत्तर देतो. `bin.num` दिलं नाही तर गाठीच्या रकान्यात सरासरीऐवजी फक्त वरचढ वर्ग येतो. उंची काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत पसरलेली असेल, तर `gowdis` आधी तिचा लॉग घ्या. `fdis` हे माप प्रत्येक जात चौकटीच्या मध्यबिंदूपासून सरासरी किती दूर आहे ते सांगतं. ते आणि रावांचा क्यू सहसा हातात हात घालून चालतात, म्हणून विश्लेषणात दोन्ही कोंबू नयेत. दुसऱ्या पॅकेजमधून काढलेला क्यू वेगळा आला तर घाबरू नका, काही ठिकाणी अंतराचा वर्ग घेतात.

संख्येची सावली वेगळी करणं

जाती वाढल्या की वेगळेपणा आपोआप थोडा वाढतोच. म्हणून विचारायचं असं: इतक्याच जाती, असेच वाटे, पण गुण चिठ्ठ्या टाकून वाटले असते, तर क्यू किती आला असता?

```r
nul <- replicate(999, {
  g <- gun[sample(nrow(gun)), ]
  rownames(g) <- rownames(gun)
  diag(p %*% as.matrix(gowdis(g)) %*% t(p))
})
ses <- (rao - rowMeans(nul)) / apply(nul, 1, sd)
```

`ses` म्हणजे खरा क्यू चिठ्ठ्यांच्या सरासरी क्यूपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे. तो शून्याच्या आसपास असेल तर त्या चौकटीतली विविधता जातींच्या संख्येने आणि वाट्यांनी जितकी व्हायची तितकीच आहे. २ च्या वर असेल तर जाती अपेक्षेपेक्षा जास्त वेगळ्या, उणे २ च्या खाली असेल तर जास्त सारख्या. कुरणात एकूण सहा-सात जातीच असतील तर चिठ्ठ्यांच्या जुळण्याही थोड्या पडतात, आणि मग `ses` वर फार विसंबू नये.

मग चार साधी समीकरणं शेजारी ठेवा. प्रत्येकात मातीची खोली हवीच. पहिल्यात फक्त खोली, दुसऱ्यात खोली आणि जातींची संख्या, तिसऱ्यात खोली आणि भारित सरासरी म्हणजे `cwm`, चौथ्यात खोली आणि `ses`. `AIC` ने, म्हणजे समीकरण किती नीट बसतं आणि किती गुंतागुंतीचं आहे हे दोन्ही तोलणाऱ्या निकषाने, त्यांची तुलना करा. तीसेक चौकटींपेक्षा कमी असतील तर ही तुलना नुसती चाळवाचाळव ठरते. आणि समीकरण जिंकलं म्हणून कारण सिद्ध होत नाही. निसर्गातल्या चौकटीत उन्हाळी जिथे आहे तिथे कदाचित पूर्वी गुरं बसत असतील आणि नत्र शेणातून आलेला असेल. सीडर क्रीकला जो भरवसा मिळाला तो जाती स्वतः पेरून, जागा चिठ्ठीने ठरवून मिळाला.

जातींची संख्या कधी जिंकते

ती जिंकते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सीडर क्रीकच्याच लांब चाललेल्या प्रयोगांवर पीटर राइक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की वर्षं जातात तशी 'जादा' वाटणाऱ्या जातींची उणीव जास्त जाणवू लागते. सुरुवातीला दोन गवतं एकमेकींची जागा भरून काढू शकतात असं वाटतं, पुढे तसं राहत नाही. याचा साधा अर्थ असा की त्या गवतांमध्ये आपण न मोजलेले फरक होते. जर्मनीतल्या येना इथल्या गवताळ प्रयोगाच्या माहितीवर २०२० मध्ये झालेल्या विश्लेषणाने तर आणखी पाणी ओतलं: पुष्कळ गुण घेऊनही, अनेक वर्षांचा एकत्र हिशेब केला तर परिसंस्थेच्या निरनिराळ्या मापांतला सरासरी सुमारे १३ टक्केच फरक गुणांवरून उलगडला. मुळं घेतल्याने सगळं सुटतं असंही नाही.

म्हणून `ses` चं समीकरण हरलं आणि जातींच्या संख्येचं जिंकलं, तर पहिली शंका गुणांच्या यादीवर घ्या. कुरणातल्या गवतांत मुळांची खोली, फुटव्याची वेळ, पावसाच्या खंडात पान गुंडाळण्याचा वेग, यांपैकी काही आपण मोजलं होतं का? मोजलं नसेल तर त्याच चौकटींतल्या प्रमुख दोन-तीन जातींचे खड्डे खणून मुळांची खोली घ्या, `gun.csv` मध्ये एक रकाना वाढवा आणि वरच्या नऊ ओळी आणि `ses` च्या ओळी पुन्हा चालवा. नमुन्यांची हर्बेरियम पत्रकं जपून ठेवली असतील, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जाती ओळखून उरलेले गुण भरता येतात. चाऱ्याचं वजन तोवर जसं नोंदवलंय तसंच राहू द्या.